दूरसंचार विभागाच्या सचिवांना खुले पत्र: ‘फक्त आणीबाणी कॉल’ या अवस्थेत अडकलेल्या फोनविषयी

प्रति,
मा. सचिव,
दूरसंचार विभाग, भारत सरकार,
नवी दिल्ली



वादळ, पूर किंवा दरड कोसळल्यानंतर एखाद्या मोबाइल कंपनीचे टॉवर बंद पडले, तर त्या कंपनीच्या ग्राहकांना त्याच भागात चालू असलेल्या दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून बोलता यावे, अशी सोय आता देशात उपलब्ध आहे. दूरसंचाराच्या परिभाषेत तिला ‘इंट्रा सर्कल रोमिंग’ म्हणतात. सर्कल म्हणजे परवान्यासाठी आखलेले सेवाक्षेत्र, आणि आपल्याच सेवाक्षेत्रात राहून दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावर जाणे हा या शब्दप्रयोगाचा अर्थ. ऑगस्ट २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये अतिवृष्टी आणि पुराने दळणवळण तुटले, तेव्हा विभागाने ही सोय सुरू करण्याचे आदेश दिले होते. त्याआधी १७ जानेवारी २०२५ रोजी ‘डिजिटल भारत निधी’तून उभारलेल्या ग्रामीण टॉवरांवर बीएसएनएल, एअरटेल आणि जिओ या तिन्ही कंपन्यांच्या ग्राहकांना एकाच टॉवरवरून ४जी सेवा घेण्याची मुभा जाहीर झाली. हे दोन्ही निर्णय स्वागतार्ह आहेत. मात्र ही सोय आदेशाने सुरू झाली तरी ज्या फोनांना तिची सर्वाधिक गरज असते, त्यांतले काही फोन ‘फक्त आणीबाणी कॉल’ एवढेच दाखवत राहतात, आणि त्यांना तिथून बाहेर काढण्याचा मार्ग बहुतेक ग्राहकांना माहीत नसतो. या पत्राचा विषय तो मार्ग, म्हणजे नेटवर्कची हाताने निवड, आणि त्याबाबत विभागाला करता येण्याजोग्या गोष्टी हा आहे.

पडद्यावर ‘Emergency calls only’ किंवा काही फोनांवर ‘SOS’ असे दिसते, तेव्हा फोनला रेंज नाही असा समज होतो. तो चुकीचा आहे. टॉवर मुळीच सापडत नसेल तर फोन ‘No service’ दाखवतो. ‘फक्त आणीबाणी कॉल’ याचा अर्थ असा की, फोनला कोणता तरी टॉवर व्यवस्थित ऐकू येत आहे, परंतु त्या टॉवरच्या कंपनीने फोनची नोंदणी स्वीकारलेली नाही, किंवा फोनने नोंदणीची विनंतीच केलेली नाही. जगभरच्या मोबाइल जाळ्यांची तांत्रिक मानके ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संस्थेने या अवस्थेला ‘मर्यादित सेवा’ असे नाव दिले आहे, आणि तीत फोनने सापडेल त्या टॉवरवर थांबून निदान आणीबाणीचा कॉल करता येण्याजोगे राहावे असा नियम केला आहे, कारण असा कॉल करण्यासाठी आधी नोंदणी झालेली असण्याची आवश्यकता नसते. म्हणूनच या अवस्थेतही ११२ हा क्रमांक लावून पाहणे योग्य ठरते. घरी मात्र फोन करता येत नाही, बाहेरून कोणाचा कॉल येत नाही, आणि लघुसंदेशही पोहोचत नाही.

फोन कोणत्या कंपनीच्या जाळ्यावर जातो, हे तो स्वतः ठरवतो. प्रत्येक जाळ्याला एक संकेतांक असतो. त्याचे पहिले तीन अंक देश दाखवतात, भारतासाठी ते प्रामुख्याने ४०४ आणि ४०५ आहेत, आणि पुढचे दोन किंवा तीन अंक कंपनी व सेवाक्षेत्र दाखवतात. सिम कार्डावरच्या ग्राहकक्रमांकाची सुरुवातही याच अंकांनी होत असल्यामुळे आपले घरचे जाळे कोणते, हे फोनला सिम वाचल्याबरोबर कळते. स्वयंचलित निवडीत फोन आधी शेवटचे नोंदलेले जाळे, मग घरचे जाळे, त्यानंतर सिमवर लिहून ठेवलेली पसंतीची जाळी आणि शेवटी जे ऐकू येईल ते जाळे, अशा क्रमाने प्रयत्न करतो. या क्रमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे. ज्या जाळ्याने पूर्वी कधी ‘तुला या जाळ्यावर परवानगी नाही’ असे उत्तर दिले असेल, त्याचा संकेतांक फोन एका निषिद्ध यादीत लिहून ठेवतो, आणि पुढे स्वयंचलित निवडीत त्या जाळ्याला विचारतच नाही. नकार मिळण्याची खात्री असताना बॅटरी आणि टॉवरची शक्ती वाया जाऊ नये, हा या यादीमागचा हेतू आहे, आणि एरवी तो अगदी योग्य आहे.

ही यादी फोनमध्ये नव्हे, सिम कार्डावर साठवलेली असते. तिची जागा लहान असते, साध्या सिमवर अवघ्या चार संकेतांकांपुरती. पाचवा आला की सर्वांत जुना पुसला जातो. परंतु सेवाक्षेत्रात घरची कंपनी धरून चार-पाचच जाळी असतील, तर सगळी परकी जाळी अडवण्यास तेवढी जागा पुरेशी होते. यादी सिमवर असल्यामुळे फोन बंद करून पुन्हा चालू केल्याने ती पुसली जात नाही, आणि तेच सिम दुसऱ्या फोनमध्ये घातले तर यादीही त्या फोनमध्ये जाते. कस्टमर केअरचा नेहमीचा सल्ला ‘फोन रिस्टार्ट करा’ असा असतो. या एका दोषापुढे तो निरुपयोगी आहे.

नकाराचे सगळे प्रकार मात्र सारखे नसतात, आणि विभागाच्या दृष्टीने हा फरक कळीचा आहे. जाळे नकार देताना कारणाचा एक क्रमांक पाठवते. कारण ११ म्हणजे हे संपूर्ण जाळे निषिद्ध. ते सिमवर लिहिले जाते आणि टिकून राहते. कारण १३ म्हणजे या परिसरात रोमिंगची परवानगी नाही. त्याची नोंद फक्त फोनच्या तात्पुरत्या स्मृतीत होते, फोन बंद केला की ती जाते, आणि चालू ठेवला तरी बारा ते चोवीस तासांत फोन ती स्वतः पुसतो. कारण १५ ही त्याच जातीचे आहे. त्यात ‘या परिसरात तुझ्यायोग्य टॉवर नाही, दुसरीकडे शोध’ अशी सूचना असते. रिस्टार्ट केल्यावर काही फोन सुरळीत होतात आणि काही होत नाहीत, हे कोडे बऱ्याच अंशी या क्रमांकांतूनच उलगडते.

आपत्तीच्या दिवशी काय घडते, हे एका कल्पित परंतु घडण्याजोग्या प्रसंगातून पाहता येईल. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा वीज आणि मोबाइल सेवा दोन्ही कोलमडल्या होत्या. तसेच वादळ श्रीवर्धन तालुक्यावर पुन्हा आले, असे समजावे. संध्याकाळी वीज जाते, एका कंपनीच्या टॉवरची बॅटरी मध्यरात्रीनंतर संपते, आणि डोंगरावरचा दुसऱ्या कंपनीचा टॉवर तेवढा डिझेल जनित्रावर चालू राहतो. पहिल्या कंपनीचे सिम असलेल्या थोरल्या भावाचा फोन चालू आहे. घरचे जाळे नाहीसे होताच तो फोन डोंगरावरच्या टॉवरकडे नोंदणीची विनंती करतो; रोमिंग अद्याप सुरू झालेले नसल्यामुळे त्या टॉवरकडून कारण ११ सह नकार येतो, संकेतांक सिमवर लिहिला जातो, आणि पडद्यावर ‘फक्त आणीबाणी कॉल’ उमटते. त्याच कंपनीचे सिम आणि त्याच बनावटीचा फोन वापरणाऱ्या धाकट्या भावाने चार्जिंग वाचवण्यासाठी संध्याकाळीच फोन बंद करून ठेवला आहे. सकाळी दहा वाजता विभागाचा आदेश निघतो आणि दुसरी कंपनी पहिल्या कंपनीच्या ग्राहकांना प्रवेश देऊ लागते. धाकटा भाऊ अकरा वाजता फोन चालू करतो, त्याच टॉवरला विनंती करतो आणि दोन मिनिटांत बोलू लागतो. शेजारी उभ्या असलेल्या थोरल्या भावाचा फोन मात्र त्या टॉवरला विचारतच नाही, कारण सिमवरची नोंद ‘तिथे जायचे नाही’ असे सांगत असते. तो तीनदा रिस्टार्ट करतो आणि तिन्ही वेळा तीच ओळ दिसते. रात्रभर मदतीसाठी धडपडणाऱ्या माणसाचा फोन अडतो आणि बंद ठेवलेला फोन चालतो, हा या यंत्रणेतला अत्यंत क्लेशकारक विसंगतीचा भाग आहे.

या अडचणीवरचा उपाय मानकातच लिहिलेला आहे. वापरणाऱ्याने जाळे हाताने निवडले, तर फोनने निषिद्ध याद्यांकडे दुर्लक्ष करून त्या जाळ्याला विचारलेच पाहिजे, आणि नोंदणी यशस्वी झाली तर त्याचा संकेतांक सिमवरच्या निषिद्ध यादीतून काढून टाकला पाहिजे, असा नियम आहे. म्हणजे हाताने केलेल्या एका यशस्वी निवडीने त्या क्षणाची गरज भागते आणि सिमवरची नोंदही कायमची पुसली जाते.

प्रत्यक्ष कृती साधी आहे, तरी काही ठिकाणी संयम लागतो. बहुतेक अँड्रॉइड फोनांत ‘Settings’ मधून ‘Network & internet’ आणि पुढे ‘SIMs’ येथे जाऊन संबंधित सिम निवडले की ‘Automatically select network’ असा खटका दिसतो; सॅमसंगच्या फोनांत तो ‘Connections’, ‘Mobile networks’, ‘Network operators’ या वाटेने सापडतो, तर आयफोनमध्ये मोबाइल सेवेच्या पानावर ‘Network Selection’ या नावाखाली ‘Automatic’ असा खटका असतो. दोन सिमांच्या फोनात खटका दुसऱ्याच सिमचा बदलला जाण्याची चूक फार सहज होते, म्हणून सिमचे नाव आधी पाहून घ्यावे. खटका बंद केल्यावर फोन परिसरातली सर्व जाळी शोधू लागतो; या शोधाला साधारण एक ते तीन मिनिटे लागतात, तेवढा वेळ मोबाइल डेटा तुटतो, आणि मध्येच मागे फिरले तर शोध वाया जातो. पहिल्या शोधात यादी रिकामी आली तर घराबाहेर किंवा गच्चीवर जाऊन तो पुन्हा करावा. यादीत कंपन्यांची नावे दिसतात, काही वेळा नावाऐवजी ४०४ किंवा ४०५ ने सुरू होणारा पाच-सहा अंकी संकेतांक दिसतो, आणि एकाच कंपनीचे नाव २जी व ४जी असे दोनदाही येऊ शकते. काही फोन निषिद्ध जाळ्यापुढे तशी खूण दाखवतात. आपत्तीतल्या रोमिंगच्या काळात त्या खुणेला न जुमानता तेच जाळे निवडायचे असते. निवडल्यानंतर साधारण मिनिटभर थांबावे, नकार आला तर यादीतले पुढचे नाव घ्यावे, आणि सर्व नावांनी नकार दिला तर ही सोय त्या भागात अद्याप सुरू झालेली नाही असे समजून काही वेळाने पुन्हा प्रयत्न करावा.

ही यादी निदानाचे साधन म्हणूनही फार उपयोगी आहे, आणि कस्टमर केअरने ग्राहकाला पहिला प्रश्न तिच्याविषयीच विचारायला हवा. मोकळ्या जागेतही यादी रिकामी येत असेल आणि शेजारच्या फोनांना मात्र रेंज असेल, तर दोष फोनच्या अँटेनात किंवा रेडिओत असण्याचा संभव मोठा. इतर कंपन्या दिसतात पण स्वतःची दिसत नाही, याचा अर्थ आपल्या कंपनीचा टॉवर बंद किंवा दूर आहे. अपवाद एवढाच की, फोन ‘2G’ किंवा ‘3G’ वर अडकवून ठेवलेला असेल तर जिओसारखी २जी व ३जी नसलेली कंपनी यादीत येणारच नाही, म्हणून ‘Preferred network type’ आधी तपासावा. स्वतःची कंपनी यादीत दिसते आणि तरीही ती नकार देते, अशी स्थिती असेल तर अडचण बहुधा खात्यात किंवा सिममध्ये असते, आणि तिथे हाताने कितीही वेळा निवड केली तरी उपयोग होत नाही. सिम बंद झालेले असणे किंवा ग्राहकाची नोंद कंपनीच्या मध्यवर्ती नोंदवहीत न सापडणे ही यातली नेहमीची कारणे आहेत. चोरीची तक्रार झाल्यामुळे फोनचा आयएमईआय क्रमांक, म्हणजे यंत्राचा ओळखक्रमांक, रोखला गेला असेल तर परक्या जाळ्यांकडूनही नकारच येतो. अशा गंभीर नकारानंतर फोन सिमच अवैध धरतो, आणि बंद करून पुन्हा चालू करेपर्यंत कोणतीच नोंदणी करत नाही. रिस्टार्टचा सल्ला खऱ्या अर्थाने लागू पडतो तो येथे, अर्थात मूळ कारण कंपनीने दूर केल्यानंतरच.

कधी कधी घरचा टॉवर परत आला असूनही फोन काही वेळ जुनीच ओळ दाखवतो, त्यामागे आणखी एक साधे कारण असते. ४जीमध्ये नोंदणीचे पाच प्रयत्न फसले की फोन पुढच्या प्रयत्नापूर्वी थांबतो, आणि हा विराम जाळ्याने वेगळा सांगितला नसेल तर बारा मिनिटांचा असतो. वीज नुकतीच परतली असताना हजारो फोन एकाच वेळी टॉवरवर तुटून पडतात, त्यांतले अनेक या विरामात अडकतात, आणि हाताने निवड केली की नवा प्रयत्न लगेच होतो. तथापि टॉवरवर आधीच गर्दी असताना सर्वांनी असे करणे हिताचे नाही. येथे बारा मिनिटे वाट पाहणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

हाताच्या निवडीची एक बाजू धोक्याची आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हा उपाय सांगणे बेजबाबदारपणाचे ठरेल. एकदा हाताने निवड केली की फोन त्या जाळ्याला बांधला जातो; ते नाहीसे झाले तरी तो आपणहून दुसऱ्या जाळ्यावर जात नाही. निवडलेल्या जाळ्याने दुसरे काही संकेतांक ‘समकक्ष’ म्हणून फोनला कळवलेले असतील तर त्यांच्यात तो फिरू शकतो, एवढीच सूट मानकात आहे. आपत्तीनंतर रोमिंगची मुदत संपली आणि ग्राहकाने खटका पूर्ववत केला नसेल, तर घरचा टॉवर समोर उभा असतानाही त्याच्या फोनवर पुन्हा ‘फक्त आणीबाणी कॉल’ येईल, आणि त्याच दिवसांत नव्याने मिळालेल्या नकारामुळे परके जाळे पुन्हा सिमवरच्या यादीत जाईल. परदेशातून परतलेल्या प्रवाशांच्या फोनांतही हाच दोष आढळतो. तिकडच्या कंपनीवर बांधलेला फोन मुंबईत उतरल्यावर ते जाळे शोधत राहतो.

या सर्व विवेचनातून विभागाकडे तीन विनंत्या निघतात. पहिली विनंती मूळ कारणाविषयी आहे. एकाच सेवाक्षेत्रातल्या दुसऱ्या भारतीय कंपनीच्या ग्राहकाला नोंदणी नाकारताना कारण ११ वापरू नये, परिसरापुरते मर्यादित असलेले कारण १३ किंवा १५ वापरावे, असा निर्देश सर्व कंपन्यांना द्यावा. याला ग्राहकाकडे नवे उपकरण लागत नाही आणि नवा टॉवरही लागत नाही. बदल जाळ्याच्या मध्यवर्ती यंत्रणेतल्या मांडणीचा आहे. कंपन्यांची एक रास्त हरकत अशी असेल की, तात्पुरत्या नकारामुळे परके फोन पुन्हा पुन्हा विचारत राहतील आणि संकेतांची वर्दळ वाढेल. ही किंमत खरी आहे, परंतु निदान किनारपट्टीचे जिल्हे, सह्याद्रीतले दरडप्रवण तालुके आणि पूररेषेतली गावे एवढ्या क्षेत्रांपुरती ती सोसण्यासारखी आहे, आणि हा बदल वादळाचा इशारा मिळाल्यावर नव्हे तर पावसाळ्यापूर्वीच झालेला असावा, कारण टॉवर बंद पडल्यानंतरच्या पहिल्या काही तासांतच सिमवरच्या याद्या भरतात.

दुसरी विनंती आदेशाच्या मजकुराविषयी आहे. रोमिंग सुरू केल्याची सूचना कंपन्यांसाठी इंग्रजीत निघते तशीच ग्राहकांसाठी त्या भागाच्या भाषेत निघावी, आणि तीत खटका कुठे आहे, तो बंद करून काय निवडायचे आणि मुदत संपल्यावर तो पुन्हा चालू करायचा, या तिन्ही गोष्टी असाव्यात. कस्टमर केअरच्या प्रश्नावलीतही रिस्टार्टच्या सल्ल्याआधी ‘हाताने शोध घेतल्यावर यादीत कोणती नावे दिसतात’ हा प्रश्न यावा.

तिसरी विनंती ही सूचना पोहोचवण्याच्या मार्गाविषयी आहे, कारण नोंदणी नसलेल्या फोनला लघुसंदेश मिळत नाही, आणि कंपनीला सिमवरची यादी दुरून पुसायची म्हटले तरी तो आदेशही त्याच वाटेने जावा लागतो. यातून सुटण्याचे साधन विभागाच्या हातात आहे. २०२३ मध्ये देशभर अनेकांच्या फोनवर मोठ्या आवाजासह चाचणीचे इशारे आले होते. ते सेल ब्रॉडकास्टने, म्हणजे टॉवरने परिसरातल्या सर्व फोनांना एकाच वेळी ऐकवलेल्या संदेशाच्या पद्धतीने आले होते. ४जीच्या मानकानुसार ‘मर्यादित सेवा’ अवस्थेतला फोनही ज्या टॉवरवर थांबला आहे त्याचा आणीबाणीचा इशारा ऐकू शकतो. म्हणजे श्रीवर्धनच्या प्रसंगात थोरल्या भावाच्या फोनला डोंगरावरचा टॉवर नोंदणी देत नसला तरी संदेश देऊ शकतो. रोमिंगचा आदेश लागू होताच त्या भागात चालू असलेल्या प्रत्येक टॉवरवरून पुढील मजकूर दर तासाला प्रसारित व्हावा: ‘आपल्या कंपनीचा टॉवर बंद असल्यास दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून बोलता येईल. फोन आपोआप जोडला गेला नाही तर सेटिंगमध्ये मोबाइल नेटवर्क उघडा, Automatically select network बंद करा, तीन मिनिटे थांबा आणि यादीतले एकेक नाव निवडून पाहा. तातडीच्या मदतीसाठी ११२ लावा.’ आणि मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी, घरचे टॉवर चालू झाल्याची खात्री करून, खटका पुन्हा चालू करण्याची सूचना देणारा दुसरा संदेश त्याच टॉवरांवरून जावा.

कळावे,
महाराष्ट्राच्या किनारपट्टीवरील मोबाइल ग्राहकांच्या वतीने